अक्षरे आधी, आकडे नंतर

रोधांच्या जोडण्यांची दोन सूत्रे डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला येणाऱ्या विद्यार्थ्याला शाळेतूनच पाठ असतात. एकसर असतील तर बेरीज करायची, समांतर असतील तर व्यस्तांची बेरीज करून ती पुन्हा उलटी करायची. कॉलेजात त्यांनाच सिरीज आणि पॅरलल म्हणतात, एवढाच फरक. तरीही ‘समतुल्य रोध काढा’ या प्रश्नात मार्क जातात आणि उत्तरपत्रिका पाहिली तर सूत्र बहुतेक वेळा बरोबर लिहिलेले असते. ते चुकीच्या जोडीला लावलेले असते. चूक गणिताच्या आधीच झालेली असते, कोणते दोन रोध एकसर आणि कोणते समांतर हे ठरवताना. ठरवण्याची ही गडबड होते कारण आपण आकृतीचा आकार वाचतो. एका रेषेत दिसले की एकसर, एकाखाली एक दिसले की समांतर. करंटला मात्र कागदावर काय आडवे आहे आणि काय उभे, याच्याशी काहीही देणेघेणे नाही. म्हणून या प्रकरणात एकही आकृती छापलेली नाही. प्रत्येक जोडणी शब्दांत सांगितली आहे आणि आकृती तुम्ही काढायची आहे. दोघांच्या आकृत्या वेगळ्या दिसल्या तरी उत्तर एकच यायला हवे.

सरावाआधी एकच गोष्ट ठरवून घेऊ. जिथे दोन किंवा अधिक टोके तारेने जोडलेली असतात त्या जागेला नोड म्हणतात. तार कितीही लांब असो, वाकडीतिकडी असो, मध्ये रोध नसेल तर ती सगळी तार म्हणजे एकच नोड आणि त्याला एकच अक्षर. ब्रेडबोर्डवर हे डोळ्यांनी दिसते. मधल्या खाचेच्या एका बाजूला, एका ओळीत पाच भोके असतात आणि आतून त्या पाचही भोकांना धातूची एकच पट्टी जोडते. पाच भोके, पण नोड एक. रोधाचा एक पाय पहिल्या भोकात आणि दुसऱ्या रोधाचा पाय पाचव्या भोकात खुपसला तरी ते दोन पाय एकमेकांना चिकटलेलेच असतात. आता व्याख्या अक्षरांत सांगता येते. दोन रोधांच्या दोन्ही टोकांची अक्षरे सारखी असतील तर ते समांतर. दोन रोधांचे एक अक्षर सामाईक असेल, त्या अक्षरावर तिसरे काहीही जोडलेले नसेल आणि ते अक्षर मोजणीचे टोकही नसेल, तर ते एकसर. एकसरच्या व्याख्येतली ही शेवटची दोन कलमे लोक विसरतात. पुढच्या बहुतेक चुका तिथूनच निघतात.

सराव १. बारा व्होल्टच्या बॅटरीच्या धन टोकापासून ४ ओहमचा रोध निघतो. त्याच्या दुसऱ्या टोकाला ६ ओहम आणि ३ ओहम असे दोन रोध जोडलेले आहेत, आणि त्या दोघांची उरलेली टोके बॅटरीच्या ऋण टोकाला जातात. एकूण रोध आणि प्रत्येक रोधातला करंट काढा.

धन टोक अ, ऋण टोक ब, मधली जागा क. यादी अशी होते: अ–क ४, क–ब ६, क–ब ३. शेवटच्या दोघांची अक्षरे सारखी, म्हणून ते समांतर. १/६ + १/३ = १/२, म्हणजे २ ओहम. आता क वर फक्त दोनच गोष्टी उरल्या, ४ आणि हा २, म्हणून ते एकसर. एकूण ६ ओहम आणि बॅटरीतून करंट २ अँपिअर. चार ओहमवर ८ व्होल्ट पडतात, क आणि ब मध्ये ४ व्होल्ट उरतात, म्हणून ६ ओहममधून ०.६७ आणि ३ ओहममधून १.३३ अँपिअर जातो. दोघांची बेरीज पुन्हा २. इथली नेहमीची चूक म्हणजे व्यस्तांची बेरीज ०.५ आली की तेच उत्तर म्हणून ०.५ ओहम लिहून मोकळे होणे. समांतर जोडीचे उत्तर जोडीतल्या सर्वांत लहान रोधापेक्षा लहान असते, एवढी तपासणी ही चूक पकडत नाही, कारण ०.५ सुद्धा ३ पेक्षा लहानच आहे. तिला खालची मर्यादाही लावावी लागते. दोन रोध समांतर असतील तर उत्तर लहान रोधाच्या निम्म्यापेक्षा कमी कधीच येत नाही, कारण दुसरा रोध फार तर पहिल्याइतकाच करंट वाहून नेतो. म्हणजे इथे उत्तर १.५ आणि ३ च्या मध्येच हवे. २ बसतो, ०.५ बसत नाही.

इतक्या सोप्या प्रश्नात अक्षरे कशाला, नुसते पाहिले तरी कळते, असा आक्षेप कोणीही घेईल आणि या प्रश्नापुरता तो खरा आहे. पण पुढचा प्रश्नही नुसता पाहून तितकाच सोपा वाटतो.

सराव २. २४ व्होल्टच्या सप्लायच्या धन टोकापासून वरच्या तारेवर आधी २ ओहम आणि मग ४ ओहम असे दोन रोध सरळ रेषेत आहेत. त्या दोघांच्या मधल्या जागेवरून ८ ओहमचा रोध खाली, ऋण टोकाच्या तारेवर उतरतो. ४ ओहमच्या पलीकडच्या टोकावरून ५ ओहम आणि २० ओहम असे दोन रोध त्याच खालच्या तारेवर उतरतात. एकूण रोध आणि सगळे करंट काढा.

धन टोक अ, खालची सगळी तार ब, २ आणि ४ च्या मधली जागा क, पलीकडची जागा ड. यादी: अ–क २, क–ब ८, क–ड ४, ड–ब ५, ड–ब २०. समांतर जोडी एकच दिसते, ड–ब वाली. ५ गुणिले २० भागिले २५, म्हणजे ४ ओहम. आता ड वर दोनच गोष्टी उरल्या, म्हणून ४ अधिक ४, क–ब ८ ओहम. जुना क–ब ८ आणि हा नवा ८ समांतर, म्हणजे ४. शेवटी क वर २ आणि ४, बेरीज ६ ओहम. सप्लायपासून सर्वांत दूरच्या टोकाकडून सुरुवात करायची असे पाठात सांगतात. पण यादी समोर असली की तो नियम वेगळा लक्षात ठेवावा लागत नाही, कारण सुरुवातीला घडी पडण्याजोगी, म्हणजे एकाच रोधात मिटवता येणारी जोडी तिथेच असते.

मोहाची जागा वरच्या तारेवर आहे. २ आणि ४ सरळ रेषेत दिसतात म्हणून त्यांची बेरीज ६ करायची, मग ८ आणि शेवटचा ४ समांतर धरून २.६७, आणि एकूण ८.६७ ओहम. कागदावर हे अगदी व्यवस्थित दिसते. ते खोटे का, हे करंट सांगतो. बरोबर उत्तरानुसार सप्लायमधून २४ भागिले ६, म्हणजे ४ अँपिअर निघतो आणि तो सगळा २ ओहममधून जातो. तिथे ८ व्होल्ट पडतात, क–ब मध्ये १६ व्होल्ट उरतात, म्हणून ८ ओहमचा रोध २ अँपिअर खाली ओढून घेतो आणि ४ ओहमच्या वाट्याला उरलेला २ अँपिअरच येतो. एकात ४ अँपिअर, दुसऱ्यात २. एकसर रोधांमध्ये करंट एकच असतो, तेव्हा हे दोघे एकसर नाहीत, मग रेषेत कितीही सरळ असोत. यादीने हे आधीच सांगितले होते: क हे अक्षर दोनदा नव्हे, तीनदा आले आहे. पुढे ड–ब मध्ये १६ उणे ८, म्हणजे ८ व्होल्ट, म्हणून ५ ओहममधून १.६ आणि २० ओहममधून ०.४ अँपिअर. पॉवरने ताळा करायचा तर सप्लाय देतो २४ गुणिले ४, म्हणजे ९६ वॅट. रोध क्रमाने घेतात ३२, ३२, १६, १२.८ आणि ३.२ वॅट. बेरीज ९६. आकडेमोडीत चूक झाली असती तर हा ताळा बसला नसता.

याच जोडणीत ५ आणि २० ओहमचे रोध काढून टाकले तर? ड हे अक्षर यादीत एकदाच उरते, ४ ओहमच्या टोकाला. एकदाच येणारे अक्षर म्हणजे लोंबकळणारे टोक. त्यातून करंट जायला वाट नाही, तो रोध यादीतून काढायचा. मग क वर फक्त २ आणि ८ उरतात, म्हणजे १० ओहम. ४ ओहमचा रोध आकृतीत दिमाखात बसलेला असतो, त्यामुळे तो बेरजेत घेण्याचा हात आवरत नाही. याच्या उलट, एखाद्या रोधाच्या दोन्ही टोकांना एकच अक्षर आले तर तो तारेने शॉर्ट झालेला असतो आणि त्यालाही काढून टाकायचे. ब्रेडबोर्डवर दोन्ही पाय चुकून एकाच ओळीत गेले की नेमके हेच होते.

सराव ३. ६, १२ आणि ४ ओहमचे तीन रोध या क्रमाने एका सरळ रेषेत जोडले आहेत. डावे टोक अ, उजवे टोक ब. शिवाय एक तार अ पासून निघून १२ आणि ४ च्या मधल्या जागेला जोडली आहे, आणि दुसरी तार ६ आणि १२ च्या मधल्या जागेपासून ब ला. अ आणि ब मध्ये रोध किती?

आकृती ओरडून सांगते की तीन रोध एकसर आहेत, उत्तर २२. काहीजण तारा पाहून गोंधळतात आणि एखादा रोध शॉर्ट झाला असावा असा अंदाज बांधतात. अक्षरे लिहायला घेतली की गोंधळायला जागा उरत नाही. १२ आणि ४ ची मधली जागा तारेने अ ला जोडली आहे, म्हणून तीही अ. ६ आणि १२ ची मधली जागा तारेने ब ला जोडली आहे, म्हणून तीही ब. आता डावीकडून वाचत जा: ६ ओहम अ–ब, १२ ओहम ब–अ, ४ ओहम अ–ब. तिघेही समांतर. १/६ + १/१२ + १/४ = ६/१२, म्हणजे २ ओहम. एकाही रोधाच्या दोन्ही टोकांना सारखे अक्षर नाही, तेव्हा शॉर्ट कोणीच झालेले नाही. मधल्या १२ ओहममधून करंट उजवीकडून डावीकडे वाहतो, इतकेच वेगळेपण.

‘गुणाकार भागिले बेरीज’ हे सूत्र इथे कसे फसते तेही पाहण्यासारखे आहे. दोन रोधांसाठी ते बरोबर आहे, म्हणून तीन रोधांनाही लावले जाते: ६ गुणिले १२ गुणिले ४ भागिले २२, म्हणजे १३.०९. हे उत्तर ४ पेक्षा मोठे आहे, तिथेच ते बाद होते. पण सूत्र चुकले हे एककही सांगतात. तीन रोधांच्या गुणाकाराला ओहमच्या बेरजेने भागले तर ओहमचा वर्ग उरतो, ओहम उरत नाही. तीन रोध असतील तर हे सूत्र दोनदा लावायचे, नाहीतर सरळ व्यस्त घ्यायचे.

परीक्षेत अक्षरे लिहीत बसायला वेळ कुठे असतो, हा आक्षेप इथे येतो. पाच-सहा रोधांच्या जोडणीत चार अक्षरे आणि पाच-सहा नोंदी एवढेच लिहायचे असते, त्याला अर्धा मिनिट लागत नाही. चुकीच्या जोडीने सुरुवात झाली तर मात्र पुढची सगळी पायरी-पायरीची मेहनत वाया जाते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: पुढे नोडल ॲनालिसिस शिकायचेच आहे, ते कुठल्याही जोडणीला लागू पडते, मग घड्या घालण्याचा हा खटाटोप का? नोडल पद्धत कुठेही चालते हे खरे, पण तिची पहिली पायरीही नोडना नावे देण्याचीच असते. शिवाय समीकरणे सोडवून नुसता आकडा मिळतो. घड्या घालताना कोणत्या रोधाने उत्तर किती हलवले ते दिसत जाते, आणि जोडणीत दोष असेल तेव्हा तो शोधायला तेच कामी येते. अर्थात घड्यांनाही मर्यादा आहे, आणि ती नेमकी कुठे आहे हे पुढचा सराव दाखवतो.

सराव ४. अ आणि ब ही मोजणीची टोके. अ–क ६ ओहम, अ–ड ३ ओहम, क–ब ४ ओहम, ड–ब १२ ओहम. (१) क आणि ड मध्ये काहीही नसताना, (२) क आणि ड मध्ये तार असताना, (३) क आणि ड मध्ये ९ ओहमचा रोध असताना अ–ब रोध काढा. (४) क–ड मध्ये काहीही नसताना मीटर अ–ब ऐवजी क–ड वर लावला तर काय दिसेल?

पहिल्या भागात क वर फक्त ६ आणि ४ आहेत, ड वर फक्त ३ आणि १२. म्हणून १० आणि १५ समांतर, उत्तर ६ ओहम. दुसऱ्या भागात तारेमुळे क आणि ड एकच अक्षर होतात. आता ६ आणि ३ समांतर, म्हणजे २. ४ आणि १२ समांतर, म्हणजे ३. एकूण ५ ओहम. रोध तेच चार, फक्त एका तारेमुळे कोण कोणाशी एकसर आणि कोण कोणाशी समांतर हे सगळे बदलले. चौथ्या भागात रोधही तेच आणि तारही नाही, बदलले ते मोजणीचे टोक. आता क आणि ड टोके झाली, अ आणि ब आतले नोड झाले. अ वर फक्त ६ आणि ३, म्हणून ते एकसर, ९. ब वर ४ आणि १२, म्हणून १६. नऊ आणि सोळा समांतर, म्हणजे ५.७६ ओहम. अ–ब वरून पाहताना ६ चा एकसर जोडीदार ४ होता, क–ड वरून पाहताना ३ झाला. तेव्हा ‘हे दोन रोध एकसर आहेत’ हे वाक्य अपुरे आहे. कोणत्या दोन टोकांवरून पाहताना, ते सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही. व्याख्येत मोजणीच्या टोकाचे कलम घातले ते यासाठी.

तिसरा भाग अडतो. यादी लिहा: अ–क ६, अ–ड ३, क–ब ४, ड–ब १२, क–ड ९. दोन्ही अक्षरे सारखी असलेली एकही जोडी नाही. क तीनदा आला, ड तीनदा आला, त्यामुळे एकसरही कोणी नाही. इथे घडी पडतच नाही आणि बळेच पाडली तर उत्तर चुकणार. व्हीटस्टन ब्रिज म्हणून ओळखली जाणारी हीच मांडणी. ती १८३३ मध्ये सॅम्युअल ख्रिस्टी यांनी मांडली आणि १८४३ मध्ये चार्ल्स व्हीटस्टन यांनी प्रसिद्धीला आणली. अ, क, ड या त्रिकोणाच्या जागी तेवढ्याच परिणामाचा तीन पायांचा तारा बसवला की वाट मोकळी होते. या डेल्टा-स्टार रूपांतराची सूत्रे १८९९ मध्ये आर्थर केनेली यांनी प्रसिद्ध केली, आणि हे केनेली जन्माने मुंबईचे, १८६१ साली कुलाब्यात जन्मलेले. नियम असा की एखाद्या टोकाचा पाय म्हणजे त्या टोकाला मिळणाऱ्या दोन बाजूंचा गुणाकार भागिले तिन्ही बाजूंची बेरीज. बेरीज ६ + ३ + ९ = १८. अ चा पाय १८/१८, म्हणजे १ ओहम. क चा ५४/१८, म्हणजे ३. ड चा २७/१८, म्हणजे १.५. आता क च्या वाटेने ३ + ४ = ७, ड च्या वाटेने १.५ + १२ = १३.५, दोघे समांतर ४.६१, त्यात अ चा १ मिळवून ५.६१ ओहम.

हे उत्तर बरोबर आहे का ते पाहायला पहिले दोन भाग उपयोगी पडतात. क–ड मधला रोध वाढवत नेला तर शेवटी तो नसल्यासारखाच होतो, उत्तर ६ कडे जाते. कमी करत नेला तर तार होतो, उत्तर ५ कडे जाते. एखादा रोध वाढवल्याने एकूण रोध कधीच कमी होत नाही, म्हणून मधे काहीही बसवा, उत्तर ५ आणि ६ च्या बाहेर जाऊ शकत नाही. ५.६१ त्यात बसतो. डेल्टा-स्टारची सूत्रे अजून शिकवली नसतील तरी उत्तर या एका ओहमच्या पट्ट्यात आहे, हे नुसत्या एकसर-समांतरवरून ठामपणे सांगता येते. आणि ड–ब १२ च्या जागी २ ओहम बसवला तर पट्टाच नाहीसा होतो: काहीही नसताना १० आणि ५ समांतर, ३.३३, तार असताना २ अधिक १.३३, तेही ३.३३. मधल्या रोधाने काही फरक पडत नाही, म्हणजे ब्रिज संतुलित आहे.

सराव ५. सराव ४ ची जोडणी ब्रेडबोर्डवर किलोओहममध्ये उभी केली आहे. ६ किलोओहमचा रोध नेहमीच्या दुकानी किमतींमध्ये मिळत नाही, म्हणून १२ चे दोन समांतर. ३ साठी १.५ चे दोन एकसर. ४ साठी २.२ आणि १.८ एकसर, आणि एक १२. सगळे सोनेरी पट्टीचे, म्हणजे पाच टक्के सूट असलेले. सप्लाय जोडलेला नाही. क–ड मध्ये तार लावून अ–ब वर मल्टिमीटर धरला, तर ५ च्या आसपास यायला हवे होते, पण ६.० किलोओहम आले. दोष कुठे?

सुटीचे कारण चालणार नाही. सगळे रोध एकाच वेळी पाच टक्क्यांनी मोठे निघाले तरी एकूण रोध पाच टक्क्यांनीच वाढतो, म्हणजे फार तर ५.२५. तेव्हा जोडणीतच काहीतरी सुटले आहे. पहिला संशय तारेवर जातो, कारण तार नसताना ६ येतात हे पाठ झालेले असते. तार उपटून त्याच जागी घट्ट बसवण्याचा उद्योग सुरू होतो. पण दुसरी एक शक्यता तेच ६ देते: तार नीट आहे आणि १२ किलोओहमचा एक पाय ओळीत लागलेलाच नाही. मग क–ड एकच, वर ६ आणि ३ समांतर २, खाली फक्त ४, बेरीज ६. हे दोन दोष मीटरच्या एका वाचनाने वेगळे करता येत नाहीत. तार पूर्ण काढा आणि पुन्हा अ–ब मोजा. वाचन ६ वरच राहिले तर तार लागतच नव्हती. ते १० किलोओहमवर गेले तर ड हे अक्षर आता एकट्या ३ किलोओहमच्या टोकाला उरले आहे, आणि सुटलेला पाय १२ चा आहे.